नावं बरोबर, आवाज गेलेला: मौखिक इतिहासाच्या एका ईमेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

एक जुना छापखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि तिथे काम केलेली माणसं, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर, मशिनवाले, मुद्रितं तपासणारे, बाइंडर, सगळे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या असा प्रकल्प काही लोकांनी मिळून सुरू केला. पगारी कोणी नाही, सगळे स्वयंसेवक. मुलाखती घेणारे आणि रेकॉर्ड करणारे आठ-नऊ जण, त्यांच्यावर एक समन्वयक ताई, आणि आलेल्या फाइली जमा करून, तपासून, नीट ठेवायचं काम माझ्याकडे. मुलाखती निवेदकांच्या, म्हणजे आठवणी सांगणाऱ्यांच्या, घरीच व्हायच्या, कारण त्या वयाच्या माणसाला कुठे स्टुडिओत नेणार. साधनं म्हणाल तर दोन हातातले रेकॉर्डर, ते आळीपाळीने फिरवायचे, आणि बाकी ज्याचा त्याचा फोन.

काम सुरू व्हायच्या आधी ताईंनी सगळ्या रेकॉर्डिंग करणाऱ्यांना एक ईमेल पाठवला. फाइलचं नाव कसं द्यायचं, कुठल्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करायचं, खोली कशी लावायची, तिन्ही त्यात होतं. हे प्रकरण त्या ईमेलचं आहे, तो चुकीचा नव्हता, त्यातलं प्रत्येक वाक्य तपासलं तर बरोबरच होतं, आणि तरी पहिल्या खेपेचं काम बिघडलं.

पहिला ईमेल

ईमेल चांगला दीड पान होता. त्यातला एक पानभर मजकूर फाइलच्या नावावर. आधी प्रकल्पाचं छोटं नाव, मग निवेदकाचं आडनाव आणि नाव रोमन लिपीत, मग तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, मग मुलाखत घेणाऱ्याची आद्याक्षरं, मग भाग क्रमांक दोन आकडी, मध्ये स्पेस नको, फक्त अंडरस्कोर, देवनागरी अक्षरं नकोत. नियमांमागची कारणं खरी होती. तारीख वर्षापासून लिहिली की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात, भाग `1` ऐवजी `01` लिहिला की दहावा भाग दुसऱ्याच्या आधी येऊन बसत नाही, आणि देवनागरी नावांची फाइल एका सिस्टिमवरून दुसऱ्या सिस्टिमवर झिप करून नेली की कधीकधी नावाचा नुसता चुरा होतो.

फॉरमॅटबद्दल एक ओळ होती: "फाइल `.wav` मध्येच द्यावी, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट." खोलीबद्दलही एकच, शेवटून दुसरी: "शांत खोली निवडावी." बास.

अडचण

पहिल्या खेपेच्या फाइली आल्या तेव्हा नावं बघून बरं वाटलं, जवळजवळ सगळी नियमाप्रमाणे. मग एकेक उघडून बघायला घेतल्या.

एक तासाभराची मुलाखत, नावाच्या शेवटी `.wav`, आणि फाइल जेमतेम तीस एमबीची. इथेच शंका यायला हवी, कारण हिशोब साधा आहे: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकच चॅनल म्हटलं तरी तासाला पाचशे एमबीच्या वर जातं आणि स्टिरिओ असेल तर त्याच्या दुप्पट. खात्री करायला हे चालवलं:

```
ffprobe -hide_banner CHP_012_20240618_01.wav
```

(खरं नाव इथे देत नाही, ही नंतरच्या पद्धतीची नमुना फाइल आहे.) हा प्रोग्राम नावाकडे न बघता आत खरोखर काय आहे ते सांगतो. खरी वेव्ह असेल तर `pcm_s24le, 48000 Hz` असं दिसतं, इथे दिसलं `aac`. म्हणजे फोनने नेहमीसारखं दाबून `.m4a` मध्ये रेकॉर्ड केलं होतं आणि त्या मुलाने ईमेल वाचून शेवटची तीन अक्षरं तेवढी बदलली होती. त्याची यात काही लबाडी नव्हती बरं का, "फाइल `.wav` मध्ये द्यावी" याचा त्याला कळला तो अर्थ हाच.

दुसऱ्या एकीने जास्त मेहनत घेतली होती, फोनची फाइल कन्व्हर्टरमधून काढून खरी वेव्ह बनवली होती. तिचा आकार मोठा, `ffprobe` मध्येही `pcm` दिसत होतं, फक्त ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट. ही फसवणूक पकडायला आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती आहे ते, बघावा लागला, ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्रॅम लावला तर सोळा किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ आणि वर सगळं रिकामं. दाबताना जे टाकून दिलं ते परत फुगवून येत नाही, फक्त फाइल जड होते, आणि वाईट म्हणजे पुढे पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला वाटेल की हीच मूळ प्रत.

पण खरं दुखणं खोलीचं होतं. तीन मुलाखतींत डोक्यावर पंखा चालू, त्यातल्या एकीत रेकॉर्डरची ऑटो लेव्हल पण चालू. ऑटो लेव्हल म्हणजे बोलणं मंद झालं की यंत्र स्वतःच आवाज वर खेचतं आणि जोरात झालं की दाबतं. म्हातारी माणसं बोलताना थांबतात, आठवतात, दहा-दहा सेकंद गप्प बसतात, आणि त्या प्रत्येक गप्पेत पंखा घोंघावत वर येतो, पुन्हा बोलायला लागले की खाली जातो, तासभर हेच. अजून एका मुलाखतीत रेकॉर्डर टेबलाच्या मधोमध ठेवलेला, निवेदक जुने कंपोझिटर, खिळे पेटीतून कसे उचलायचे ते दाखवताना बोटं टेबलावर आपटत होते आणि बोलता बोलता मान दुसरीकडे वळवत होते, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचा भाग, हाताच्या सवयीचा, तोच ठक ठक आणि पुटपुटण्यात गेला.

आणि नावांचं जे पान इतकं काटेकोर होतं त्यातही भोक निघालंच. एकाच निवेदकाचं आडनाव दोन जणांनी रोमनमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलं, म्हणजे शोधायला गेलं की अर्ध्याच फाइली सापडणार. एका बाईंनी मुलाखतीनंतर सांगितलं की माझं नाव कुठे येऊ नये, तोवर ते नाव फाइलमध्ये, बॅकअपमध्ये, यादीमध्ये सगळीकडे गेलेलं. एका रेकॉर्डरची बॅटरी काढून ठेवली होती म्हणून त्याचं घड्याळ कारखान्यातल्या मूळ तारखेला गेलं होतं, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याने फाइलवरची तारीख बघून तीच नावात टाकली, प्रकल्प सुरू व्हायच्या कितीतरी आधीची.

नेमकं काय चुकत होतं

ताई, मी आणि दोन जुने स्वयंसेवक बसलो आणि सगळ्या बिघाडांना एकच प्रश्न लावला: हे नंतर दुरुस्त करता येतं का? नाव चुकलं तर कधीही बदलता येतं, दोन मिनिटांचं काम. दाबून रेकॉर्ड केलेला आवाज परत मिळत नाही. पंख्याखाली दबलेलं वाक्य तर नाहीच, आवाज साफ करायची सॉफ्टवेअरं आहेत पण पंखा काढताना ती बोलण्यातली "स", "श", "फ" ही अक्षरंही खरवडून काढतात आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

म्हणजे जे नंतर सहज सुधारता येतं त्याला ईमेलमध्ये एक पान आणि जे त्या खोलीत त्या तासातच होऊ शकतं त्याला एक ओळ. लोकांनी ईमेल मन लावून वाचला होता, जिथे जास्त शब्द होते तिथे जास्त लक्ष दिलं, यात त्यांचा काय दोष. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे, बाकीचे निर्णय यातूनच सुटत गेले.

कुठले पर्याय होते

नावांसाठी पहिला पर्याय होता तोच नमुना ठेवायचा पण सोपा करायचा. दुसरा, रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी नावाला हातच लावायचा नाही, रेकॉर्डरने दिलेलं `REC0001.WAV` तसंच ठेवून अख्खं फोल्डर द्यायचं आणि नाव आम्ही एका जागी बसून द्यायचं. याला विरोध झाला आणि तो रास्त होता, कारण दोन रेकॉर्डर असले की दोघांकडेही `REC0001.WAV` असणार आणि एकाच फोल्डरमध्ये टाकलं की एक दुसऱ्यावर चढून पहिली गेलीच. शिवाय सगळा भार एका माणसावर येतो. तरी आम्ही दुसरा घेतला, दोन अटी घालून: प्रत्येक मुलाखतीचं फोल्डर वेगळं, त्याला निवेदकाचा नुसता क्रमांक, आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्या वाक्यात क्रमांक, तारीख, भाग तोंडाने बोलायचा. आवाजात भरलेली ही पाटी फाइलचं नाव हरवलं तरी हरवत नाही, घड्याळ चुकलं तरी चुकत नाही.

फॉरमॅटमध्ये जास्त ओढाताण झाली. एक मत असं की फोन बंदच, फक्त रेकॉर्डर वापरायचे. पण रेकॉर्डर दोन, आणि निवेदक वाट बघायच्या वयाचे नाहीत, रेकॉर्डर मोकळा नाही म्हणून महिनाभर पुढे ढकलणं याची किंमत खराब फॉरमॅटपेक्षा मोठी असू शकते. म्हणून उतरंड ठरवली. रेकॉर्डर मिळाला तर तो, नाहीतर फोनवर वेव्हमध्ये रेकॉर्ड करणारं अॅप, आणि तेही जमत नसेल तर फोन जे देतो ते `.m4a` जसंच्या तसं, न बदलता. बदललेल्या वेव्हपेक्षा प्रामाणिक `.m4a` केव्हाही चांगली, निदान काय आहे ते कळतं.

पंख्याचा मुद्दा वाटला तितका सोपा नव्हता. ऐंशी वर्षांच्या माणसाला उकाड्यात तासभर पंख्याशिवाय बसवायचं का? ताईंनी ठाम सांगितलं, नाही, माणूस आधी. मग माइक जवळ नेणं हाच उपाय उरतो. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, खोलीचा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो, म्हणून टेबलावरून मीटरभर लांब असलेला माइक छातीशी, हनुवटीच्या एक वीत खाली आणला तर पंखा चालू असूनही बोलणं कितीतरी वर येतं. कपड्याला लावायचा छोटा माइक यासाठीच.

दुसरा ईमेल

ताईंनी नव्याने लिहिला. त्याचा मुख्य भाग परवानगी घेऊन देतेय तसाच:

"नमस्कार मंडळी,
मागचा ईमेल बाजूला ठेवा, हा एवढाच पाळा. खोलीत करायच्या गोष्टी आधी लिहिल्यात कारण त्या नंतर करता येत नाहीत.

पोचल्यावर लगेच रेकॉर्ड करू नका. खोलीत दोन मिनिटं गप्प बसा आणि काय काय ऐकू येतंय ते ऐका. फ्रिज, घड्याळ, पंखा, शेजारचा टीव्ही. जे विचारून बंद करता येईल ते करा. फ्रिज बंद केलात तर निघताना चालू करायची आठवण म्हणून तुमच्या गाडीची किंवा घराची किल्ली त्याच्यावर ठेवा. पंखा निवेदकांना हवा असेल तर राहू दे, कमी वेगावर ठेवा आणि त्यांना पंख्याच्या थेट खाली बसवू नका. पडदे, गादी, पुस्तकं असलेली खोली रिकाम्या हॉलपेक्षा चांगली, आवाज घुमत नाही.

माइक त्यांच्या हनुवटीच्या एक वीत खाली. कपड्याचा माइक नसेल तर रेकॉर्डर त्यांच्या जवळ, टेबलावर नाही, ठेवावाच लागला तर खाली जाड घडी केलेलं कापड. फोन सगळ्यांचे विमान मोडवर, ज्यावर रेकॉर्ड करताय तोसुद्धा.

ऑटो लेव्हल बंद. हेडफोन लावून त्यांना सहज काहीतरी विचारा आणि मोठ्याने हसवून बघा, सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे १२ च्या वर जायला नको. २४ बिटमध्ये आवाज थोडा कमी राहिला तर नंतर वाढवता येतो, फाटला तर संपलं.

रेकॉर्डरवर `48kHz/24bit` निवडा आणि तारीख बघा. फोन असेल तर सोबतचं अॅपचं पान वाचा. अॅप जमलं नाही तर नेहमीसारखं रेकॉर्ड करा आणि आहे तशी फाइल द्या, कन्व्हर्ट करू नका, शेवटची अक्षरं बदलू नका.

सुरू केल्यावर बोला: निवेदक क्रमांक बारा, आजची तारीख, भाग एक. नाव बोलू नका. मग अर्धा मिनिट सगळे गप्प, नुसती खोली रेकॉर्ड होऊ दे, आणि मग पहिला प्रश्न.

फाइलचं नाव बदलू नका. फोल्डरला निवेदकाचा क्रमांक द्या आणि कार्ड किंवा पेनड्राइव्ह हातात आणून द्या, मेसेजिंग अॅपवरून पाठवू नका. 'मिळालं आणि तपासलं' असं उत्तर येईपर्यंत तुमच्याकडची प्रत पुसू नका."

त्या अर्ध्या मिनिटाच्या गप्पेबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं, "ताई, हे कशाला?" दोन कारणं आहेत. पुढे आवाज थोडा साफ करायचा झाला तर सॉफ्टवेअरला नुसत्या खोलीचा नमुना लागतो, आणि दुसरं म्हणजे हेडफोन लावून अर्धा मिनिट नुसती खोली ऐकली की जो आवाज कानाने सोडून दिला होता तो पंखा, तो फ्रिज, अचानक ऐकू यायला लागतो आणि मुलाखत सुरू व्हायच्या आत दुरुस्त होतो.

आमच्या बाजूला मी नोंदवही केली. फोल्डर आलं की मूळ फाइलीचा चेकसम, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा आकडा, काढायचा, नवीन नाव `CHP_012_20240618_01.wav` या पद्धतीने द्यायचं (प्रकल्प, निवेदक क्रमांक, तारीख, भाग), जुनं नाव नोंदवहीत लिहायचं, दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रती करून तिथला चेकसम जुळला की मगच उत्तर पाठवायचं. क्रमांक म्हणजे कोण, ती यादी वेगळी आणि दोघांकडेच.

बिघडलेल्या मुलाखतींचं काय केलं

पुन्हा घ्यायच्या का, यावर बराच विचार झाला. ज्यांनी मुलाखती घेतल्यात त्यांना माहीत असतं की तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना माणूस आटपतं घेतो, "ते मागे सांगितलंच की" म्हणून पुढे जातो, आणि पहिल्या सांगण्यात जे अडखळणं, चुकून निघालेलं नाव, मध्येच आलेलं रडू असतं ते दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून पंखेवाल्या तिन्ही तशाच ठेवल्या, आणि मुलाखत घेणाऱ्याला शब्द आठवतायत तोवर लगेच त्याच्याकडूनच लिहून काढून घेतल्या. फक्त खिळे जुळवणाऱ्या आजोबांकडे परत गेलो, पण तेच प्रश्न घेऊन नाही, खिळ्यांची जुनी पेटी मिळवून ती समोर ठेवली आणि हाताने दाखवत बोलायला सांगितलं, माइक कपड्याला. ती पहिलीची दुरुस्ती म्हणून नाही, स्वतंत्र मुलाखत म्हणून ठेवली आहे, पहिलीही पुसली नाही.

काय झालं

दुसऱ्या ईमेलनंतरच्या फाइलींत बनावट वेव्ह एकही आली नाही. दोन जणांनी `.m4a` दिली, सांगून दिली. आवाज ऐकण्यासारखे आले, पंखा असलेल्या मुलाखतीतही शब्द सुटे कळतात. तोंडी पाटी मात्र बरेच जण विसरले, विशेषतः मध्ये थांबून पुन्हा सुरू केल्यावर "भाग दोन" म्हणायचं राहतं, कारण तोवर गप्पा रंगलेल्या असतात आणि आकडे बोलणं सगळ्यांना अवघड वाटतं. आम्ही ते आता शेवटी बोलायलाही परवानगी दिली आहे. एका मुलाखतीत हसताना आवाज फाटला, लेव्हल हळू आवाजात बोलताना लावली होती, हसवून बघायचं राहिलं.

नावं देण्याचं काम माझ्याकडे साचलं हे खरं आहे. एका खेपेला उत्तर जायला इतका उशीर झाला की एका ताईंच्या फोनची जागा संपली आणि त्यांना पुढची मुलाखत दुसऱ्याच्या फोनवर घ्यावी लागली. नोंदवही आता दोघांनी वाटून घेतली आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, ईमेल पाठवायच्याही आधी, प्रत्येकाकडून त्याच्याच साधनावर त्याच्याच घरातल्या खोलीत एक मिनिटाचा नमुना मागवायचा. त्या एका मिनिटात फॉरमॅट, ऑटो लेव्हल, घड्याळाची तारीख, माइकचं अंतर सगळं उघडं पडतं आणि मग प्रत्येकाला त्याच्या फोनचं लिहिता येतं, सगळ्यांना सगळं लिहावं लागत नाही. आमच्याकडे हे पहिल्या खेपेनंतर सुचलं, तोवर तीन मुलाखती गेल्या होत्या.

निवेदक क्रमांकाची पद्धत पहिल्या दिवसापासून हवी, संमतीपत्रावरही तोच क्रमांक. नाव नको म्हणणारी व्यक्ती एक जरी असली तरी पसरलेलं नाव बॅकअपमधून शोधून काढणं फार जिकिरीचं होतं.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. छापखान्यातले काही जण म्हणतात आम्ही दोघं-तिघं एकत्र बसूनच बोलू, एकटं बोलायला काही आठवत नाही. दोघांना दोन कपड्याचे माइक लावून स्टिरिओत डावा एकाचा, उजवा दुसऱ्याचा असं करता येतं, तिसऱ्याला आमच्याकडे माइक नाही, आणि तिघं एकावर एक बोलायला लागले की लिहून काढणाऱ्याला कोण बोललं ते कळत नाही. सध्या तिसऱ्या माणसाच्या बोलण्याआधी मुलाखत घेणारा त्याचा क्रमांक म्हणतो, पण त्याने गप्पा तुटतात. चार चॅनलचा रेकॉर्डर उसना मिळतो का ते ताई बघतायत, तोवर तिघांच्या बैठका थांबवलेल्या नाहीत, वय बघता थांबवायच्याही नाहीत.